बरोबर दिसणारे चुकीचे उत्तर

डिबगिंग म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधली चूक शोधणे, ती कशामुळे झाली हे समजून घेणे आणि मग ती दुरुस्त करणे. या तीन कामांपैकी दुरुस्तीला सगळ्यांत कमी वेळ लागतो. पुष्कळदा एखादा आकडा किंवा एखादे चिन्ह बदलले की भागते. वेळ जातो तो आधीच्या दोन कामांत. शाळेच्या ओपन डेला मुले आपापले प्रोग्राम आईवडिलांना दाखवतात तेव्हा नेमका हाच भाग त्यांना दिसत नाही, कारण तोवर सगळे दुरुस्त होऊन प्रोग्राम सुरळीत चालत असतो. तो सुरळीत कसा झाला हे पालकांना पंधरा-वीस मिनिटांत सांगायचे असेल, तर पाच ओळींचा एक प्रोग्राम पुरतो. मात्र त्यात एक खरी चूक असायला हवी.

समजा, सातवीतल्या एका मुलीच्या गणिताच्या पाच चाचण्या झाल्या आहेत. प्रत्येक चाचणी २० गुणांची आणि तिला मिळालेले गुण १८, १५, २०, १२ आणि १७. या गुणांची सरासरी काढायला तिने पायथन या भाषेत असा प्रोग्राम लिहिला:

```
marks = [18, 15, 20, 12, 17]
total = 0
for i in range(1, 5):
    total = total + marks[i]
print(total / 5)
```

कॉम्प्युटरची भाषा न येणाऱ्यालाही हा प्रोग्राम वाचता येतो. पहिल्या ओळीत पाच गुणांची यादी आहे आणि त्या यादीला marks असे नाव दिले आहे. दुसऱ्या ओळीत बेरीज शून्यापासून सुरू केली आहे. तिसरी ओळ सांगते की पुढचे काम पुन्हा पुन्हा करायचे, आणि प्रत्येक फेरीत i या अक्षराची किंमत एकेकाने वाढत जाईल. चौथी ओळ म्हणजे ते पुन्हा पुन्हा करायचे काम: यादीतला i क्रमांकाचा गुण उचलायचा आणि बेरजेत मिळवायचा. शेवटच्या ओळीत बेरजेला पाचाने भागून उत्तर पडद्यावर छापले आहे.

प्रोग्राममधल्या सगळ्या चुका सारख्या त्रासाच्या नसतात. सगळ्यांत सोपी चूक लिहिण्याची. तिसऱ्या ओळीच्या शेवटी दोन टिंबे आहेत. ती टाकायची राहिली तर पायथन प्रोग्राम सुरूच करत नाही आणि नव्या आवृत्त्यांमध्ये असा निरोप देतो:

```
SyntaxError: expected ':'
```

निरोपाबरोबर ओळीचा क्रमांकही येतो आणि कुठे काय राहिले तिथे छोटी खूण केलेली असते. दुसऱ्या प्रकारची चूक प्रोग्राम चालू झाल्यावर उघड होते. बेरजेच्या ओळीत बरोबरच्या चिन्हानंतरच्या total ऐवजी totl असे लिहिले गेले, तर या नावाची वस्तू आपल्याला माहीत नाही असे सांगून प्रोग्राम मध्येच थांबतो. पडद्यावर लाल अक्षरे आली की मुले घाबरतात आणि शेजारी बसलेले पालक त्यांच्याहून जास्त घाबरतात. पण खरे पाहता या दोन्ही चुका गरीब आहेत. त्या स्वतःच ओरडून आपला पत्ता सांगतात. निरोपाची शेवटची ओळ शांतपणे वाचली, तर काय बिघडले ते बहुतेक वेळा तिथेच लिहिलेले असते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते की निरोपात दिलेला क्रमांक गडबड लक्षात आली त्या ओळीचा असतो. चूक तिच्या आधीच्या एखाद्या ओळीतही असू शकते.

वरच्या प्रोग्राममध्ये या दोन्ही प्रकारच्या चुका नाहीत. तो चालवला की काहीही तक्रार न करता उत्तर देतो:

```
12.8
```

हे उत्तर चुकीचे आहे. पाच गुणांची बेरीज ८२ होते आणि ८२ ला ५ ने भागले तर १६.४ यायला हवेत. पण १२.८ हा आकडा पाहून कुणाला संशय येईलच असे नाही. सरासरी नेहमी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुणांच्या मध्येच कुठेतरी पडते. इथे कमीत कमी गुण १२ आणि जास्तीत जास्त २०, म्हणजे १२.८ त्या हद्दीत बसते. नीट पाहणाऱ्याला एवढे खटकेल की पाचांपैकी चार चाचण्यांत १५ किंवा त्याहून जास्त गुण असताना सरासरी इतकी खाली कशी. पण हे खटकण्यासाठी गुणांकडे मुद्दाम पाहावे लागते. पडद्यावर आलेला आकडा कॉम्प्युटरने काढला आहे म्हणजे तो बरोबरच असणार, असे धरून चालणारा माणूस पुढे निघून जातो. तिसऱ्या प्रकारची चूक ती ही: प्रोग्राम चालतो, तक्रार करत नाही आणि चुकीचे उत्तर देतो. डिबगिंगचे खरे कसब लागते ते इथे.

कामाची सुरुवात अपेक्षित उत्तरापासून होते. प्रोग्राम चालवण्याआधी उत्तर किती यायला हवे हे हाताने काढून ठेवले नसेल, तर चूक झाली आहे हेच कळायचे नाही. म्हणून पहिली पायरी कागदावरची आहे: यायला हवे १६.४, आले १२.८. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवले की पुढच्या शोधाला टेकू मिळतो. ‘प्रोग्राम चालत नाही’ या वाक्यातून काहीच शोधता येत नाही, ‘१६.४ च्या जागी १२.८ येतात’ या वाक्यातून बरेच शोधता येते.

यानंतर बहुतेक मुलांचा हात कीबोर्डकडे जातो आणि इकडचा तिकडचा आकडा बदलून पाहणे सुरू होते. त्यापेक्षा प्रोग्राम तसाच ठेवून त्याला दिलेले गुण बदलावेत, कारण खऱ्या गुणांमध्ये पाचही आकडे वेगवेगळे आहेत आणि त्या गर्दीत चूक लपते. सगळ्या चाचण्यांत १० गुण असे धरले, तर सरासरी १० च यायला हवी, त्यासाठी कागदही लागत नाही. यादी `[10, 10, 10, 10, 10]` अशी केली की प्रोग्राम उत्तर देतो ८. आता मात्र शंकेला जागा नाही. सगळे गुण १० असताना सरासरी ८ येणे शक्यच नाही. शिवाय हा आकडा आणखी काही सांगतो. सरासरी ८ म्हणजे बेरीज ४० झाली असली पाहिजे, कारण शेवटी भागाकार पाचाने होतो. ती ५० व्हायला हवी होती. दहा कमी पडले, म्हणजे नेमक्या एका चाचणीचे गुण बेरजेत आलेले नाहीत.

कोणत्या चाचणीचे, हेही अशाच युक्तीने कळते. एका चाचणीत १० आणि बाकीच्या चारांत शून्य अशी यादी दिली, तर सरासरी २ यायला हवी. दहा गुण दुसऱ्या जागी ठेवून `[0, 10, 0, 0, 0]` असे दिले तर उत्तर २ येते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या जागी ठेवले तरीही २ च येते. दहा गुण पहिल्या जागी ठेवून `[10, 0, 0, 0, 0]` दिले की उत्तर येते ० . पहिल्या चाचणीचे गुण मोजलेच जात नाहीत हे इथे सिद्ध झाले आणि अजून प्रोग्राममधले एक अक्षरही बदललेले नाही. खऱ्या गुणांशी ताडून पाहता तेच दिसते: ८२ मधून पहिल्या चाचणीचे १८ वजा केले तर ६४ उरतात आणि ६४ ला ५ ने भागले की १२.८.

हाच शोध आणखी एका मार्गाने घेता येतो, आणि शाळेत साधारणपणे तो आधी शिकवला जातो. प्रोग्राम आत काय करतो आहे हे त्यालाच छापायला लावायचे. बेरजेच्या ओळीखाली, तेवढीच जागा सोडून, आणखी एक ओळ लिहायची:

```
    print(i, marks[i], total)
```

आता प्रत्येक फेरीत तीन आकडे छापले जातात: क्रमांक, त्या क्रमांकाचे गुण आणि तोवरची बेरीज. खऱ्या गुणांवर प्रोग्राम पुन्हा चालवला की पडद्यावर असे दिसते:

```
1 15 15
2 20 35
3 12 47
4 17 64
12.8
```

या चार ओळी सावकाश वाचण्यासारख्या आहेत. चाचण्या पाच असताना फेऱ्या चारच झाल्या. मधल्या रकान्यात १५, २०, १२ आणि १७ आहेत. १८ कुठेच नाहीत. आणि सगळ्यांत बोलका आहे तो पहिलाच आकडा: क्रमांक १ समोर १५ आले आहेत. मुलीच्या पहिल्या चाचणीचे गुण १८ होते. म्हणजे ती ज्याला पहिला म्हणते आणि प्रोग्राम ज्याला १ म्हणतो, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण इथे सापडते. पायथनमध्ये यादीतल्या वस्तूंचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात. १८ चा क्रमांक ०, १५ चा १ आणि शेवटच्या १७ चा क्रमांक ४. इमारतीत तळमजल्यावर एक बिऱ्हाड असते आणि ‘पहिला मजला’ त्याच्या वर असतो, तशीच ही मोजणी आहे. तळमजला अधिक चार मजले म्हणजे एकूण पाच बिऱ्हाडे, पण सगळ्यांत वरच्या मजल्याचा क्रमांक चारच. क्रमांक म्हणजे सुरुवातीपासून किती जागा पुढे सरकायचे तो आकडा. पहिल्या वस्तूसाठी सरकायचेच नसते, म्हणून तिचा क्रमांक शून्य. `range(1, 5)` चा अर्थ १ पासून सुरू करा आणि ५ च्या आधी थांबा असा आहे, त्यामुळे त्यातून १, २, ३, ४ एवढेच आकडे निघतात. मुलीच्या मनात होते ‘एक ते पाच’. तिचा समज दोन ठिकाणी चुकला होता: सुरुवात एकापासून होते असे तिला वाटले आणि शेवटचा पाच धरला जातो असेही वाटले. अशा एकाने हुकणाऱ्या चुका मुरलेल्या प्रोग्रामरच्या हातूनही होतात आणि मोठ्या प्रोग्राममध्ये त्या बराच काळ लपून राहू शकतात, कारण त्यांच्यामुळे उत्तर थोडेसेच हलते.

या टप्प्यावर पालकांना करता येण्याजोगे एक काम आहे आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यायची गरज नाही. मुलाला किंवा मुलीला प्रोग्राम ओळीओळीने मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे आणि प्रत्येक ओळीला ‘या क्षणी i ची किंमत किती?’ एवढाच प्रश्न विचारावा. ‘इथे i एक आहे, म्हणजे marks मधला पहिला गुण, अठरा…’ असे म्हणताना मूल क्रमांक तपासायला लागते आणि बऱ्याचदा तिथेच अडखळते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ मध्ये निघालेल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या पुस्तकाने ही रीत प्रोग्रामर मंडळींत रूढ केली. त्यात या रीतीला रबराच्या बदकावरून नाव दिले आहे. ऐकणाऱ्याने उत्तर देणे आवश्यक नसते, कारण मनात वाचताना डोळा जे गृहीत धरून पुढे जातो ते तोंडाने बोलताना सुटत नाही. म्हणून पालकांनी चूक दिसली तरी लगेच बोट दाखवू नये. बोट दाखवले की पुढची ओळ वाचलीच जात नाही.

कारण कळण्याआधी केलेली दुरुस्ती किती फसवी असते, हे याच प्रोग्राममध्ये फार चांगले दिसते. समजा, मुलीने छापलेल्या चार ओळी पाहिल्या आणि विचार केला की बेरीज चारच गुणांची होते आहे, तर भागाकारही चारानेच करावा. शेवटच्या ओळीत तिने 5 च्या जागी 4 लिहिले. खऱ्या गुणांवर उत्तर आले १६. अपेक्षित १६.४ होते, म्हणजे पूर्ण जुळले नाही, पण १२.८ च्या मानाने खूपच जवळ आले. आता तिने सगळे दहा गुण देऊन पाहिले. चार दहांची बेरीज ४०, त्याला ४ ने भागले की १०. अगदी बरोबर! ज्या तपासणीने आधी चूक पकडली होती, तीच तपासणी आता प्रोग्राम बरोबर असल्याची ग्वाही देते आहे, आणि पहिल्या चाचणीचे १८ गुण अजूनही बाहेरच आहेत. सगळे गुण सारखे असले की कोणते मोजले आणि कोणते सुटले हे कळायला मार्ग राहत नाही. पहिल्या जागी १० आणि बाकी शून्य ही दुसरी तपासणी मात्र हा डाव लगेच उघडा पाडते: यायला हवेत २, येतात ०.

नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास एक गोष्ट ठामपणे मांडली होती: तपासणीतून चुका आहेत हे दाखवता येते, चुका नाहीत हे दाखवता येत नाही. भागाकार चाराने करणारा हा प्रोग्राम त्याचे चालतेबोलते उदाहरण आहे. एक तपासणी पास झाली म्हणजे एवढेच कळते की ती तपासणी जी चूक पकडू शकते ती चूक तिथे नाही.

अशा वरवरच्या दुरुस्तीचा दुसरा तोटा पुढे जाणवतो. समजा, चाराने भागण्याचा बदल तसाच राहिला आणि नंतर खरे कारण लक्षात येऊन मुलीने तिसरी ओळ सुधारली. आता बेरीज बरोबर ८२ होते, पण भागाकार चाराने होतो आणि उत्तर येते २०.५. चाचणीच २० गुणांची असताना सरासरी २०.५! हे पाहून साहजिकच वाटते की तिसऱ्या ओळीतला नवा बदल चुकीचा आहे, आणि मूल तो काढून टाकते. चुकीची दुरुस्ती आत बसून राहिली की खरी दुरुस्ती चुकीची ठरते. म्हणूनच एका वेळी एकच बदल करायचा, प्रोग्राम चालवून पाहायचा, आणि उपयोग झाला नाही तर तो बदल मागे घेऊनच पुढचा करायचा ही शिस्त सांगितली जाते. ती पाळायला कंटाळा येतो, पण ती मोडली की कशामुळे काय झाले याचा माग हातातून सुटतो.

आणखी एक प्रयत्न मुले हमखास करतात. फेऱ्या एकाने कमी पडतात ना, मग `range(1, 6)` लिहू. आता फेऱ्या पाच होतात, पण क्रमांक निघतात १ ते ५. शेवटच्या फेरीत प्रोग्राम पाचव्या क्रमांकाची वस्तू मागतो आणि यादी तर चौथ्या क्रमांकाला संपलेली आहे. त्यामुळे तो थांबतो:

```
IndexError: list index out of range
```

मागितलेला क्रमांक यादीच्या बाहेर आहे, असा या निरोपाचा अर्थ. वरवर पाहता प्रोग्राम आधीपेक्षा जास्त बिघडला. आधी निदान उत्तर तरी येत होते. प्रत्यक्षात शोधाच्या दृष्टीने ही स्थिती बरी आहे. गप्प बसलेली चूक आता बोलू लागली आणि क्रमांकांची मोजणी कुठेतरी सरकली आहे हे तिने स्पष्ट सांगितले.

कारणाला धरून केलेली दुरुस्ती एका आकड्याची आहे. तिसऱ्या ओळीत 1 च्या जागी 0 लिहायचा, म्हणजे `range(0, 5)`. आता क्रमांक ०, १, २, ३, ४ निघतात, पाचही गुण बेरजेत येतात आणि उत्तर १६.४ येते. मात्र काम इथे थांबवायचे नसते. आधी ज्या ज्या यादीने प्रोग्राम चुकला होता, त्या सगळ्या पुन्हा देऊन पाहायच्या: सगळे दहा दिले की १०, पहिल्या जागी दहा दिले की २, दुसऱ्या जागी दिले तरी २. त्या याद्या जपून ठेवणेही उपयोगाचे असते, कारण पुढे प्रोग्राममध्ये काहीही बदल केला तरी त्याच याद्यांवर तो पुन्हा तपासून घेता येतो. व्यवसायाने प्रोग्राम लिहिणारे लोक अशा तपासण्या हाताने करत बसत नाहीत; त्या आपोआप करणारा वेगळा प्रोग्रामच ते लिहून ठेवतात आणि जुनी चूक पुन्हा शिरली तर तो लगेच कळवतो. चूक शोधण्यासाठी घातलेली छापण्याची ओळ आता काढून टाकायची. तिचे काम झालेले आहे आणि ती राहिली तर उत्तराच्या आधी पाच ओळींचा पसारा दिसत राहतो.

एवढे झाल्यावर त्याच मुलीची सहावी चाचणी होते आणि तिला २० पैकी २० मिळतात. यादीत शेवटी २० लिहून ती प्रोग्राम चालवते. उत्तर पुन्हा १६.४. नवे गुण यादीत आले आणि सरासरी तसूभरही हलली नाही. बदलायला हवे ते बदलत नाही हीसुद्धा चुकीचीच खूण आहे. बेरीज १०२ होऊन सहाने भागल्यावर १७ यायला हवेत. या वेळी कारण शोधायला फार वेळ लागत नाही. तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत पाच हा आकडा हाताने लिहिलेला आहे आणि यादी वाढली तरी तो आपोआप वाढत नाही. पहिल्या दिवशी तो आकडा बरोबर होता. चुकीचा झाला तो बाहेरची परिस्थिती बदलल्यावर. रोजच्या वापरातले पुष्कळ प्रोग्राम असेच बिघडतात. त्यातले अक्षरही कुणी बदललेले नसते, बदललेली असते ती त्यांना दिली जाणारी माहिती.

उपाय असा की यादीत किती गुण आहेत हे प्रोग्रामनेच मोजावे. पायथनमध्ये ते काम len करते:

```
marks = [18, 15, 20, 12, 17, 20]
total = 0
for i in range(len(marks)):
    total = total + marks[i]
print(total / len(marks))
```

`range` ला एकच आकडा दिला की मोजणी आपोआप शून्यापासून सुरू होते. हा प्रोग्राम १७ असे उत्तर देतो आणि पाच, सहा किंवा साठ गुण असले तरी चालतो. हाताने लिहिलेला पाच दोन जागी होता हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. एकाच जागी बदल केला असता तर नवीच चूक तयार झाली असती: बेरीज सहा गुणांची आणि भागाकार पाचाने, म्हणजे २०.४.

पाच ओळींत इतक्या चुका निघतात, हे ऐकून पालकांना आपले मूल या विषयात कच्चे आहे असे वाटू शकते. ब्रिटनमधल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला एडसॅक हा कॉम्प्युटर ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. जगातल्या अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटरांपैकी तो एक. त्याच वर्षी विल्क्स यांनी त्याच्यासाठी गणितातले एक समीकरण सोडवणारा प्रोग्राम लिहिला आणि तो कागदी पट्टीवर छिद्रे पाडून तयार केला. ती पट्टी पुढे कित्येक दशकांनी अभ्यासकांच्या हाती आली. प्रोग्राम १२६ ओळींचा होता आणि त्यात वीसएक चुका होत्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आता स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार, हे आपल्याला त्या काळात लख्ख जाणवले असे विल्क्स यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. कॉम्प्युटर बांधणाऱ्या माणसाच्या प्रोग्राममध्ये साधारण सहा ओळींमागे एक चूक होती.

सुधारलेल्या प्रोग्रामलाही एक हद्द आहे. वर्षाच्या सुरुवातीला, एकही चाचणी झालेली नसताना तो चालवला तर यादी रिकामी असते, बेरीज शून्य आणि गुणांची संख्याही शून्य. शून्याने भागायची वेळ आली की पायथन `ZeroDivisionError` असा निरोप देऊन थांबतो. ही चूक आधीच्या चुकांहून वेगळ्या जातीची आहे. इथे कुठलाही आकडा बदलून बरोबर उत्तर मिळणार नाही, कारण बरोबर उत्तर काय हेच कुणी ठरवलेले नाही. रिकाम्या यादीची सरासरी शून्य दाखवली तर पाहणाऱ्याला वाटेल की मुलीला सगळीकडे शून्य मिळाले. त्यापेक्षा ‘अजून चाचणी झालेली नाही’ असे छापणे खरे ठरेल. त्यासाठी भागाकाराच्या आधी यादी रिकामी आहे का हे विचारणारी ओळ घालावी लागते.

असाच प्रश्न गैरहजेरीचा. मुलगी आजारी होती आणि तिसरी चाचणी तिने दिलीच नाही, तर यादीत त्या जागी शून्य लिहायचे की ती जागाच गाळायची? पहिल्या पाच चाचण्यांत तिसऱ्या चाचणीच्या २० गुणांच्या जागी शून्य घातले तर सरासरी १२.४ येते, ती चाचणी गाळून उरलेल्या चारांची काढली तर १५.५ येते. दोन्ही वेळा प्रोग्राम त्याला सांगितले तेच करतो आणि दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. यातला कोणता प्रगतिपुस्तकात जायचा हे शाळेच्या नियमावर ठरते. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीला तो नियम माहीत नसेल, तर तिने कीबोर्ड बाजूला ठेवून आधी वर्गशिक्षकांना विचारायला हवे.